चाकाचा व्यास विचारून घ्या

फोटोवरून व्यक्तिचित्र काढून देणाऱ्याकडे व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाचा फोटो आला, की सोबत बहुधा एक सूचनाही येते. घरचे म्हणतात, "खुर्ची जरा झाकता आली तर बघा." किंवा, "साध्या खुर्चीत बसल्यासारखं दाखवा ना." मग कानामागचं मशीन केसांच्या बटेखाली जातं आणि कृत्रिम पाय शेजारच्या पायासारखा भरून निघतो. सूचना देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. चित्रकारही ती पटकन मान्य करतो, कारण चाक काढणं अवघड असतं. हे कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते खरं कारण तेच. म्हणून हे पुस्तक संवेदनशीलतेवर फारसं बोलत नाही. चाक, नळी आणि रबर नीट बघून कसं काढायचं, हा त्याचा विषय आहे.

झाकण्याचा खटाटोप किती मोठ्या पातळीवर होऊ शकतो याचं उदाहरण वॉशिंग्टनमध्ये आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालच्या आजारपणात लुळे पडले. त्यानंतर ते घरात चाकं लावलेली एक साधी, हात नसलेली खुर्ची वापरत. तरी त्या खुर्चीत बसलेले त्यांचे फोटो मोजकेच आहेत. १९९७ साली त्यांचं स्मारक खुलं झालं, तेव्हा मुख्य पुतळ्यावर पायघोळ झगा होता आणि मागच्या बाजूने निरखून पाहिलं तरच खुर्चीची छोटी चाकं दिसत. अपंगांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली आणि २००१ मध्ये, उघडउघड चाकांच्या खुर्चीत बसलेला त्यांचा दुसरा पुतळा तिथे बसवला गेला. झग्याचा पुतळा काही खोटं सांगत नाही, फक्त कापड जास्त वापरतो. फोटोवरून काम करताना आपणही नकळत हेच करत असतो.

आदर्शीकरणाची सुरुवात मात्र पेन्सिलीच्याही आधी, फोटो काढणाऱ्याच्या उंचीपासून होते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर असतात. उभ्या माणसाने चेहऱ्यासमोर धरलेला मोबाइल दीडशे सेंटिमीटरवर असतो, आणि तोही बहुतेकदा हातभर पुढे येऊन, सव्वा मीटरवरून रोखलेला. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असल्यामुळे इतक्या जवळूनही सगळं चौकटीत मावतं आणि कुणाला काही खटकत नाही. पण चित्र बिघडलेलं असतं. डोकं आणि गुडघे कॅमेऱ्याजवळ असतात, पावलं लांब. त्यामुळे वरचा भाग मोठा दिसतो, खालचा आक्रसतो, आणि मोठी माणसं लहान मुलांसारखी वर बघताना दिसतात. याच्या उलट, गुडघ्यावर बसून खालून फोटो घेतला, की पुढचं चाक तोफेच्या गाड्यासारखं वाढतं, हनुवटी उंचावते आणि बँकेतल्या कॅशियरबाई एकदम रणांगणावर जातात. एका फोटोत दया येते, दुसऱ्यात शौर्य. दोन्ही कॅमेऱ्याच्या उंचीतून येतात, त्यांचा त्या बाईंशी संबंध नाही.

यावर उपाय साधा आहे. कॅमेरा बसलेल्या व्यक्तीच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर धरावा, निदान तीन मीटर मागे जावं आणि दुप्पट झूम घ्यावा. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवावा. मागचं दृश्य धूसर करताना त्या मोडला बारीक वस्तूंच्या कडा नेमक्या सापडत नाहीत. चाकाचे आरे मध्येच तुटतात, आऱ्यांमधून दिसणारी भिंत कुठे स्पष्ट तर कुठे पुसट होते, आणि कानाच्या मशीनची पारदर्शक नळी केसांत विरघळते. असा फोटो समोर ठेवून काम करणारा चित्रकार आरे अंदाजाने भरतो, आणि तेही बहुधा सायकलचे.

पण फोटो दरवेळी पुन्हा काढता येत नाही. म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू.

माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंचा निवृत्तीच्या वेळचा फोटो. साडी, मागे वर्गाचं दार, खुर्ची तिरपी, फोटो उभ्याने वरून घेतलेला. चित्र मोठं, पूर्णाकृती हवं आहे. पहिला प्रश्न चेहऱ्याचा नाही, खुर्ची कोणती आहे याचा. रुग्णालयात दिसणारी घडीची खुर्ची आणि रोजच्या वापरासाठी मापाने घेतलेली खुर्ची या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घडीच्या खुर्चीत बैठकीखाली दोन नळ्यांची फुली असते, तिला हात असतात, मागे ढकलायच्या मुठी असतात, पुढची चाकं मोठी असतात. मापाच्या खुर्चीची चौकट अखंड असते, पाठ कमरेच्या थोडी वर येऊन संपते, हात नसतातच किंवा काढून ठेवता येतात, आणि पुढची चाकं तळहाताएवढी असतात. पाठ्यपुस्तकातल्या आणि फलकांवरच्या चित्रांमुळे डोक्यात पहिली खुर्ची बसलेली असते. फोटोत दुसरी असली तरी हात पहिलीच काढत जातो. या बाईंची खुर्ची मापाची होती, चौकट निळी. घरच्यांनी रंग सौम्य करायला सांगितला होता. बाईंनी फोनवर विचारलं, "निळी घ्यायला मी दुकानदाराशी तीन आठवडे भांडले, आणि तुम्ही ती करडी करणार?"

आता मोजमाप. मागच्या चाकाच्या टायरवर कडेला आकडा छापलेला असतो. तो फोटोत वाचता येत नसेल तर सरळ विचारावा. इथे तो २४ × १ ३/८ होता, म्हणजे टायर धरून चाकाचा व्यास सुमारे ६१ सेंटिमीटर. माणसाच्या डोक्याची किंवा हाताची उंची आपण अंदाजाने धरतो, पण चाकाचा व्यास पक्का माहीत असतो. चित्रातली एकमेव खात्रीची फूटपट्टी तीच. फोटोच्या प्रिंटवर जवळचं चाक उभं मोजलं तर ८.४ सेंटिमीटर भरलं, म्हणजे चाकाच्या ठिकाणी कागदावरचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षात सव्वासात सेंटिमीटर. हनुवटीपासून टाळूपर्यंत २२ सेंटिमीटर धरले तर याच मापाने डोकं तीन सेंटिमीटर यायला हवं. प्रिंटवर ते ३.८ होतं. डोकं चाकाच्या मानाने सव्वापट मोठं! फोटो वरून आणि जवळून घेतल्याची ही मोजलेली खूण झाली.

इथे घाईने डोकं लहान करणं ही सर्वात सामान्य चूक. कारण मग चेहरा समोरून पाहिल्यासारखा आणि खुर्ची वरून पाहिल्यासारखी दिसते, आणि बघणाऱ्याला कारण न कळताही माणूस खुर्चीवर चिकटवल्यासारखा वाटतो. दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक तर वरून पाहिलेलं दृश्य तसंच्या तसं स्वीकारायचं आणि सगळं चित्र त्याच नजरेने काढायचं. नाहीतर दुसऱ्या, खालच्या उंचीच्या फोटोवरून डोकं आणि खुर्ची दोन्ही नव्याने मांडायची. बाईंच्या मुलीने आठवड्याने छातीच्या उंचीवरून नवे फोटो पाठवले, म्हणून दुसरा मार्ग शक्य झाला. साडी, दार आणि प्रकाश जुन्या फोटोतून आले, बांधणी नव्या फोटोतून.

बांधणी चाकांपासून करावी. तिरपं पाहिलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं, आणि त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेने पडतो. चित्रकलेच्या वर्गात हे भांडी काढताना शिकवतात, पण व्हीलचेअरच्या वेळी विसरलं जातं, आणि आखूड अक्ष आडवा ठेवून चाक उभं ओढलं जातं. असं चाक जमिनीवर टेकत नाही. शिवाय मापाच्या खुर्चीची मागची चाकं अनेकदा दोन-तीन अंशांनी कललेली असतात, वरून जवळ आणि जमिनीशी लांब. त्यामुळे दोन चाकांचे आखूड अक्ष एका रेषेत येत नाहीत. फोटोत ते तसे दिसले, की चित्रकाराला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं आणि तो दोन्ही चाकं समांतर करून टाकतो. तो कल ठेवावा. खेळाच्या खुर्चीत तो याहून कितीतरी जास्त असतो, पण तो आकार वर्गात शिकवणाऱ्या बाईंना देणं म्हणजे पुन्हा रणांगण.

टायर आणि हाताने फिरवायची कडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडी चाकाच्या बाहेरच्या अंगाला, टायरपेक्षा किंचित लहान, बोटभर अंतरावर, काही ठिकाणी पट्ट्यांनी जोडलेली असते. बाईंची बोटं कडीवर होती आणि अंगठा टायरला टेकलेला. पहिल्या कच्च्या रेखाटनात हे एकच वर्तुळ झालं, तर बोटांना धरायला काही उरत नाही आणि हात नुसता चाकावर ठेवल्यासारखा दिसतो. पुढच्या छोट्या चाकांची दिशाही बघावी. ती उभ्या दांड्यावर फिरती असतात. खुर्ची पुढे जाऊन थांबली असेल, तर चाक दांड्याच्या मागे ओढलं गेलेलं असतं. मागे येऊन थांबली असेल, तर ते पुढे वळतं, आणि पुढे वाकताना खुर्ची स्थिर राहावी म्हणून काही जण मुद्दाम असं करून ठेवतात. दोन्ही छोटी चाकं सुबक दिसावीत म्हणून सारखी काढली, की खुर्ची दुकानातली होते.

मग शरीर. या बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता, कंबर मागे झुकलेली, पोट पुढे, आणि साडीखाली मांड्या गादीवर पसरलेल्या. मणक्याच्या दुखापतीनंतर अनेकांच्या बसण्यात असं काही ना काही असतं, कारण पोटाचे आणि पाठीचे स्नायू धड तोलून धरत नाहीत. खांदा कॅमेऱ्याच्या तिरपेपणामुळे खाली दिसतो की खरोखर खाली आहे, हे तपासायला मागचं दार उपयोगी पडतं. दाराची चौकट ओळंब्यात असेल आणि खांद्यांची रेषा तिरपी, तर ती तिरपी रेषा बाईंची आहे. ती सरळ करायचा मोह दांडगा असतो. व्यक्तिचित्रात पाठ ताठ असावी असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण ओळखीच्या माणसाला लांबूनही ओळखू येतं ते बसण्याच्या ढबीवरून. पाठ ताठ केली, की चेहरा कितीही जमला तरी वर्गातली मुलं म्हणणार, "या आमच्या बाई नाहीत." पदराचंही तसंच. खुर्चीत बसणारी बाई पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचून किंवा मांडीवर घेऊन बसते. वाऱ्यावर लहरणारा पदर छान दिसतो, पण तो आऱ्यांत अडकला असता.

कानाच्या मशीनचा प्रश्न लहान असला तरी फसवा आहे. पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःच काढलेले फोटो काही मोबाइलमध्ये आरशातल्यासारखे उलटे साठवले जातात. डाव्या कानातलं मशीन मग चित्रात उजव्या कानात जातं, आणि चित्रकाराला पत्ताही नसतो. साडी असेल तर पदर बघावा, तो नेहमीप्रमाणे डाव्या खांद्यावर नसेल तर संशय घ्यावा. सदरा असेल तर खिसा बघावा. मशीनवरही खूण सापडते. उजव्यासाठी लाल आणि डाव्यासाठी निळा ठिपका किंवा आकडा देण्याची पद्धत जगभर आहे.

कानामागच्या मशीनमध्ये मुख्य भाग कानाच्या पाळीमागे बसतो, वरून एक वळण घेऊन पारदर्शक नळी पुढे येते आणि कानाच्या ठशावरून घडवलेल्या साच्यात शिरते. ही नळी साधारण तीन मिलिमीटर जाड असते. चित्रातलं डोकं खऱ्याच्या निम्म्या मापाचं असेल तर ती दीड मिलिमीटर येईल. ती बाह्यरेषेने काढली की वायर दिसते. पारदर्शक वस्तूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, म्हणून मागची त्वचाच काढावी आणि तिच्यावर लांबट उजेडाची एक रेघ आणि तिच्या शेजारी किंचित गडद कड द्यावी. जुन्या नळीला पिवळसर झाक येते, ती दिसली तर ठेवावी. अलीकडच्या बारीक तारेच्या मशीनमध्ये ही नळी नसते. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांत, गोल चकती चिकटलेली दिसली तर ते श्रवणयंत्रच नव्हे, कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग आहे. त्या चकतीला केसांचा क्लिप समजून वगळल्याची चित्रं मी पाहिली आहेत.

दाखवण्याचा प्रश्न नवा नाही. इंग्लंडचे चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांना ऐकू कमी येत असे. १७७५ च्या सुमाराच्या एका आत्मचित्रात त्यांनी स्वतःला कानामागे हात धरून, नीट ऐकण्याचा प्रयत्न करताना दाखवलं. त्याच्या काही वर्षं आधी योहान झोफानीने रॉयल अकॅडमीच्या सदस्यांचं जे मोठं समूहचित्र काढलं, त्यात रेनल्ड्स यांच्या हातात ऐकण्याचा कर्णा आहे. मला झोफानीचं चित्र जास्त आवडतं. त्यात कर्ण्याची घोषणा नाही, लपवाछपवी नाही. भोवती गप्पा चालल्या आहेत आणि एका माणसाच्या हातात त्याची रोजची वस्तू आहे, इतकंच.

कृत्रिम पायाच्या बाबतीत मोह दोन टोकांचा असतो. एक म्हणजे तो दुसऱ्या पायाची प्रतिकृती करणं. दुसरा अलीकडचा, जाहिरातींतून आलेला: काळ्या कार्बनचं धावण्याचं वक्र पातं काढणं. आपल्याकडे बाजारात, शेतात, देवळात चालणाऱ्या किती तरी माणसांच्या पायात ते पातं नसतं, जयपूर फूट असतो. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अशी त्यामागची गरज होती. म्हणून त्याला बोटं आहेत आणि बाहेरून तो त्वचेच्या रंगाच्या रबराचा आहे. पोटरीचा भाग बहुधा प्लॅस्टिकच्या पाइपला गरम करून साच्यावर ओढून बनवलेला असतो.

चित्रकाराने बघायचं ते हेच, की इथे दोन वेगवेगळे पदार्थ आहेत आणि दोन्ही त्वचेसारखे वागत नाहीत. रबरावर उजेड पसरून मंद पडतो. पाइपवर तो मेणचट, लांब रेघेने चमकतो. दोघांच्या मध्ये घोट्याजवळ एक सांधा दिसतो. पावलावर शिरा नाहीत, घोट्याला सुरकुती नाही, बोटांच्या मधल्या खाचा उथळ आहेत. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा खरा पाय रापलेला असतो आणि रबराचा पाय मूळ रंगावर राहतो, त्यामुळे दोन पावलांचे रंग जुळत नाहीत. ते जुळवू नयेत. कापडाची चालही वेगळी असते. आत नुसती धातूची दांडी असेल तर विजार गुडघ्याखाली रिकामी, सरळ पडते आणि चालताना दांडीभोवती लपेटते. पोटरीचा आकार दिलेला असेल तर ती भरलेली दिसते. फोटोत पाय विजारीखाली पूर्ण झाकलेला असेल, तर तो उघडा करून दाखवण्याचं कारण नाही. फोटोत जे दिसत नाही ते चित्रात घालणं हेही आदर्शीकरणच आहे, फक्त उलट दिशेचं. याच न्यायाने छातीपर्यंतच्या चित्रात व्हीलचेअर ओढून आणायची गरज नसते. फक्त खांद्यामागे ढकलायच्या मुठी दिसत असतील तर त्या खोडू नयेत.

शेवटी एका प्रकारच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फार येतं: गेलेल्या माणसाचं, भिंतीवर लावायचं चित्र. हातात एकच जुना फोटो असतो, पुष्कळदा कुठल्याशा लग्नातला, कडेने कापलेला. त्यात व्हीलचेअर असण्यापेक्षा हाताने फिरवायची तीनचाकी सायकल असण्याचा संभव जास्त, आणि तिचा निम्मा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी धोतराआड गेलेला असतो. इथे प्रत्यक्ष पाहून तपासणं शक्य नसतं, म्हणून विचारावं लागतं. मूठ कोणत्या हाताशी होती, साखळी कोणत्या बाजूने खाली जात होती, बैठकीवर काय अंथरलेलं असे, पाय कुठे टेकवत. घरातले मोठे चेहऱ्याबद्दल बोलतात. सायकलबद्दल विचारायचं ते पुतण्यांना किंवा नातवंडांना, ज्यांनी ती ढकललेली असते किंवा मागच्या आसावर उभं राहून फुकटची फेरी मारलेली असते. त्यांना साखळीची बाजू आठवते, कारण तिच्या वंगणाने त्यांच्या चड्ड्या खराब झालेल्या असतात.